साताऱ्याची आजी, म्युनिकची दिवेलागण: व्हिडिओ कॉलवर ‘शुभं करोति’ शिकवताना

आजी साताऱ्यात राहते, वय एकाहत्तर. नात म्युनिकमध्ये, वय साडेसहा, नुकतीच पहिलीत गेलेली. घरात आईबाबांशी मराठी बोलते, बाहेर सगळं जर्मन. देवनागरी वाचता येत नाही. आजीला तिला संध्याकाळची प्रार्थना शिकवायची होती. ती फार मोठी नाही: ‘शुभं करोति’चा एक श्लोक आणि त्याला जोडून म्हणायच्या ‘दिव्या दिव्या दीपत्कार’च्या मराठी ओळी. समोर बसलेलं मूल हे रोज ऐकून महिन्याभरात आपसूक उचलतं. इथे अडीचपट वेळ लागला, आणि तो का लागला हे पाहण्यासारखं आहे.

आजीच्या घरात चालत आलेला पाठ असा:

शुभं करोति कल्याणम् आरोग्यं धनसंपदा ।
शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योतिर्नमोऽस्तुते ॥

दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार, दिव्याला देखून नमस्कार ॥
दिवा लावला देवापाशी, उजेड पडला तुळशीपाशी, माझा नमस्कार सर्व देवांपाशी ॥
तिळाचे तेल, कापसाची वात, दिवा जळो मध्यान्हरात ।
घरातली इडापिडा बाहेर जावो, बाहेरची लक्ष्मी घरात येवो ॥

घरोघरी यात फरक असतो. कुणी ‘मध्यान्हरात’ म्हणतं, कुणी ‘सारी रात’. नातीच्या बाबांच्या घरी दुसरा पाठ होता आणि बाबांनी उत्साहाने इंटरनेटवरचा चाल लावलेला तिसराच लावून दिला होता. पहिल्या चार दिवसांत मुलगी तीन पाठांची भेळ करून म्हणू लागली. तेव्हा आईने ठरवलं की आजीचाच पाठ ठेवायचा आणि बाकीचे सहा महिने बंद. ‘मध्याह्न’ म्हणजे दुपार, मग रात कशी, हा प्रश्न मोठ्यांना पडू शकतो. पण हा लोकांच्या तोंडी घडलेला शब्द आहे, तो दुरुस्त करत बसू नये.

कुणाची तिन्हीसांज?

पहिली अडचण घड्याळाची होती. सुरुवात ऑक्टोबरअखेर, युरोपातली घड्याळं एक तास मागे गेल्यावर झाली. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत म्युनिक भारताच्या साडेचार तास मागे असतं, नंतर साडेतीन तास. आजीला प्रार्थना साताऱ्याच्या दिवेलागणीला हवी होती, म्हणजे नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला. त्या वेळी म्युनिकमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो आणि मुलगी शाळेत जेवत असते. आठवडाभर शनिवार-रविवारीच कॉल झाला, आणि दोन दिवसांत शिकलेलं पाच दिवसांत पुसलं गेलं.

मग उलटा विचार केला. नोव्हेंबरात म्युनिकचा सूर्य पाचच्या आत मावळतो, डिसेंबरच्या मध्यावर तर साडेचारच्याही आधी. तिथली दिवेलागण म्हणजे साताऱ्यात रात्रीचे नऊ-सव्वानऊ. आजीचं जेवण आटोपलेलं, झोपायला अजून अवकाश. त्यामुळे हिवाळाभर प्रार्थना नातीच्या तिन्हीसांजेला ठेवली. आजी आपला दिवा सहाला लावून घेते आणि नऊच्या कॉलला निरांजन नव्याने लावते. तिला आधी हे खटकलं: ‘रात्री नऊला कसलं शुभं करोति!’ पण दिवेलागण दिवा लागतो तिथली, असं लेकीने म्हटल्यावर ती तयार झाली.

या महिन्यांत शिकवणं सोपं जाण्याचं आणखी एक कारण आहे. 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी तिथली लहान मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. पुढे नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत लावायची पद्धत आहे. बाहेर अंधार, हातात दिवा आणि तोंडी गाणं हे तिच्या ओळखीचं होतं. जूनमध्ये सुरुवात केली असती तर हा आधार मिळाला नसता. तेव्हा तिथे रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो.

दिवा, तूप आणि एक फुंकर

म्युनिकच्या घरी पितळेचं छोटं निरांजन होतं. दिवा आईच पेटवते, मुलगी हातभर अंतरावर केस बांधून बसते. पहिले काही दिवस वात धुरकट जळून दोन मिनिटांत विझायची. कारण साधं होतं. थंडीत तूप थिजलेलं असतं, नुसत्या गोळ्यात रोवलेली फुलवात कोरडीच राहते आणि तूप वर चढायच्या आत कापूसच जळतो. उपाय असा की चमचाभर तूप पातळ करायचं, फुलवात त्यात पूर्ण बुडवून काढायची, टोक चिमटीत पिळून उभं करायचं आणि मग उरलेलं तूप ओतायचं. दहा मिनिटं सहज जळते. जर्मन घरांत मुलांच्या खोलीत आणि ये-जा करायच्या बोळात छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. निरांजनाच्या ज्योतीने ते सहसा वाजत नाही, पण विझलेल्या वातीच्या धुराने वाजू शकतं. म्हणून जागा स्वयंपाकघरातल्या टेबलाची निवडली.

तिसऱ्या दिवशी ‘नमस्कार’ म्हणून झाल्याबरोबर नातीने पुढे वाकून फू केलं आणि टाळ्या वाजवल्या. आजी पलीकडे ‘अगं अगं’ करत राहिली. मुलीच्या अनुभवात ज्योत समोर आणली आणि गाणं संपलं की ती फुंकायची असते, कारण वाढदिवसाला तसंच करतात. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. आजीने दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच सांगितलं, ‘हा दिवा आपण फुंकायचा नाही, तो त्याचा तो शांत होतो.’ त्यासाठी तूप बेताचं घालायला लागायचं, नाहीतर मुलीला झोपेपर्यंत दिव्यापाशी बसून राहायचं असे. तातडीने शांत करायचाच झाला तर आई पळीने वात तुपात टेकवते. धूरही कमी होतो.

प्रार्थनेत ‘तिळाचे तेल’ आहे आणि निरांजनात तूप, हे मुलीने पंधरवड्यात पकडलं. आईने आशियाई दुकानातून तिळाचं तेल आणलं, पण ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी निघालं. लावल्यावर घरभर चायनीज हॉटेलचा वास. दिव्याला न भाजलेल्या तिळाचं फिकट पिवळं तेल लागतं. बाटली उजेडात धरली की रंगावरून लगेच कळतं.

सोबत म्हणता येत नाही

आपल्याकडे मूल मोठ्यांच्या आवाजात आवाज मिसळून शिकतं. व्हिडिओ कॉलवर नेमकं हेच जमत नाही. आजीचा आवाज नातीपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो आणि नातीचा परत यायला तेवढाच. एकूण पाव ते अर्धा सेकंद गेला तरी बोलताना फारसं जाणवत नाही, पण एका लयीत म्हणायला तेवढा पुरेसा नडतो. आजीला वाटतं नात मागे पडतेय, म्हणून ती थांबते. नातीला वाटतं आजी हळू झाली, म्हणून तीही हळू होते. तीन ओळींत दोघी जवळजवळ थांबतात. शिवाय दोन्हीकडून एकदम आवाज आला की ॲप एकाचा आवाज दाबतं, आणि मुलीचा बारीक आवाज बहुधा आधी जातो. आजीची तक्रार होती की ‘ही मधले शब्द खाते.’ ती खात नव्हती, ॲप गिळत होतं. आईने शेजारी बसून ऐकलं तेव्हा शब्द जागेवर होते.

आपल्या कॉलमध्ये किती अंतर आहे ते असं पाहता येतं. आजी ‘एक’ म्हणते, ते ऐकताच नात ‘दोन’, मग आजी ‘तीन’, असं दहापर्यंत जायचं. समोरासमोर हे टाळ्यांसारखं सलग चालतं. कॉलवर प्रत्येक नातीच्या आकड्याआधी पोकळी ऐकू आली तर सोबत म्हणण्याचा नाद सोडावा.

इथे तो सोडला. आजीने एक तुकडा म्हणायचा, मग पूर्ण गप्प राहून ओठ मिटून मान हलवायची, आणि नातीने तोच तुकडा म्हणायचा. ओठ मिटणं महत्त्वाचं होतं. आजी सवयीने सोबत पुटपुटायची आणि त्या पुटपुटण्यानेही नातीचा आवाज कापला जायचा. घंटाही कॉलच्या वेळी वाजवायची बंद केली, कारण ॲप तिला गोंगाट समजून मोडकीतोडकी पोचवत होतं.

तुकडे कुठे पाडायचे हे श्लोकच सांगतो. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं: शुभं करोति कल्याणम् / आरोग्यं धनसंपदा / शत्रुबुद्धिविनाशाय / दीपज्योतिर्नमोऽस्तुते. साडेसहा वर्षांच्या मुलीच्या एका श्वासात आठ अक्षरं नीट बसतात. अर्धा श्लोक एकदम दिला की ‘आरोग्यं’पाशी श्वास संपतो आणि ‘धनसंपदा’ची ‘धंपदा’ होते.

पहिले दोन आठवडे आजी सुरुवातीपासून शेवटाकडे गेली. परिणाम नेहमीचा झाला, पहिला चरण खणखणीत आणि चौथा पुटपुटलेला. रोज सुरुवातच घोटली जात होती. मग क्रम उलटा केला. आधी फक्त ‘दीपज्योतिर्नमोऽस्तुते’. तो तीन दिवस पक्का झाल्यावर ‘शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योतिर्नमोऽस्तुते’. मग ‘आरोग्यं’पासून, मग पहिल्यापासून. यात मूल प्रत्येक वेळी नव्या भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातं आणि शेवट कधीच डळमळत नाही. एकूण कॉल सहा ते आठ मिनिटांचा. दहाच्या पुढे गेला की मुलगी खुर्चीवर उलटी बसायची.

रोमन लिपीतला कागद

चौथ्या आठवड्यात प्रगती अचानक मागे गेली. आतापर्यंत स्वच्छ म्हटलेलं ‘विनाशाय’ एकाएकी ‘फिनाशाय’ झालं. ‘ज्योति’चं ‘य्योति’, ‘संपदा’चं ‘झंपदा’. आजीला वाटलं नेट खराब आहे. लेकीला वाटलं मुलगी चेष्टा करते.

झालं होतं असं की मुलगी शाळेत वाचायला लागली म्हणून बाबांनी श्लोक रोमन लिपीत लिहून टेबलावर चिकटवला होता. ते लिखाण इंग्रजी वाचणाऱ्याच्या सवयीचं होतं: vinashaya, jyoti, sampada. मुलगी मात्र जर्मन वाचायला शिकत होती. जर्मनमध्ये v बहुधा ‘फ’ वाचतात, j ‘य’ वाचतात, आणि स्वराआधीचा s हा ‘झोप’मधल्या ‘झ’सारखा घोळदार उच्चारतात. ती अक्षरशः बरोबर वाचत होती. आईने कागद उलटा करून म्हणायला सांगितलं तेव्हा ‘विनाशाय’ परत आलं, आणि तिथे निदान झालं. मूल कानाने बरोबर आणि कागद समोर ठेवून चूक म्हणत असेल, तर दोष कागदाचा.

कागद काढला. त्याजागी आजीने चार छोटे ध्वनिसंदेश पाठवले, एका चरणाला एक. ते कसे करायचे हे तिने दोनदा चुकून शिकलं. पहिल्या वेळी पंखा चालू होता आणि सगळ्यात घरघर आली. दुसऱ्या वेळी फोन तोंडाला लावल्याने ‘भं’ आणि ‘बुद्धि’वर फट्कन हवा आपटली. शेवटी पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला. चरण म्हणून झाल्यावर तेवढाच वेळ गप्प राहायचं आणि मग तोच चरण पुन्हा. त्या रिकाम्या जागेत नात म्हणते. रेकॉर्डिंगमध्ये पाठवण्या-पोचण्याचं अंतर आड येत नाही, त्यामुळे पुढे मुलगी त्याच्यासोबतही म्हणू लागली. जे कॉलवर अशक्य होतं ते इथे जमलं.

उच्चार: काय सुधारलं, काय नाही

‘दीपज्योतिर्नमोऽस्तुते’चं ‘दीपज्योती नमस्ते’ सगळीच मुलं करतात, कारण ‘नमस्ते’ ओळखीचं असतं. मधला ‘र्’ हरवतो. आजीने तो ‘ज्योतिर्… नमोस्तु… ते’ असा तोडून, ‘ज्योतिर्’वर गुडघ्यावर थाप मारून बसवला. चार दिवस लागले.

‘तिळाचे तेल’मध्ये दोन गोष्टी होत्या. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे ‘त’ आणि ‘क’ श्वास सोडून म्हणतात, म्हणून ‘थेल’ आणि ‘खापसाची वात’. हे कॉलवर दुरुस्त करायला जाऊ नये. फोनवरून येताना ‘त’ आणि ‘थ’, ‘द्द’ आणि ‘द्ध’ यांतला फरक इतका पुसट होतो की आजी बरोबर असलेलंही चूक ठरवते. आई जवळ बसून ऐकते किंवा रेकॉर्डिंग पाठवते, निकाल त्यावर. आईने तळहात नातीच्या तोंडासमोर धरला: ‘तेल’ म्हणताना हाताला वारा लागता कामा नये, ‘थेंब’ म्हणताना लागला पाहिजे. मुलीला हा खेळच वाटला.

‘ळ’ जास्त चिवट निघाला. जिभेचं टोक वर वळवून मागे न्यायचं असतं आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. आजीने तोंड कितीही जवळ आणलं तरी दातच दिसतात. म्हणून आधी कान तयार केला. एका कागदावर घड्याळ, दुसऱ्यावर भिंतीवर चढलेली वेल. आजी ‘वेळ’ किंवा ‘वेल’ म्हणते आणि नात चित्रावर बोट ठेवते. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत तिला म्हणायला लावलंच नाही. त्यानंतर ‘तिळाचे’ आपोआप जवळ आलं. ‘कल्याणम्’मधला ‘ण’ अजूनही ‘न’कडेच झुकतो आणि तो तूर्त तसाच सोडला आहे, कारण रोज टोकलं तर मूल कॉललाच नको म्हणतं.

दिव्याला कान कुठे?

मराठी ओळी सोप्या म्हणून आधी घ्यायला हव्या होत्या, असं मागे वळून पाहताना वाटतं. श्लोक अर्थाशिवायही पाठ होतो, पण मराठी ओळी मूल समजून घेऊ पाहतं आणि प्रश्न येतात. ‘दिव्या’ हे तिच्या ओळखीतल्या एका मुलीचं नाव होतं, त्यामुळे बरेच दिवस ती त्या मुलीला नमस्कार करत होती. ‘अरे दिव्या, असं आपण दिव्यालाच हाक मारतोय’ एवढं आजीने सांगितल्यावर ते सुटलं. मग प्रश्न आला, ‘आजी, दिव्याला कान कुठे आहेत?’ आजीने समई कॅमेऱ्यासमोर आणली. वरच्या तबकडीच्या कडेला वाती ठेवायची टोकं असतात ना, ते त्याचे कान, आणि ज्योती ही कुंडलं. हे कुठल्या पोथीत नाही, पण साडेसहा वर्षांच्या मुलीला पुरलं.

‘शत्रू कोण?’ याला मात्र उत्तर विचार करून द्यावं लागलं. ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ म्हणजे शत्रूचा नाश नाही; वैर करायची जी बुद्धी आहे तिचा नाश, तीही आपल्यातली धरून. आजीने सांगितलं, ‘भांडावंसं वाटतं ना, ते जावं म्हणून.’

‘उजेड पडला तुळशीपाशी’ म्हणताना नात एकदा थांबली आणि म्हणाली, ‘पण तुझ्या तुळशीपाशी अंधार आहे.’ आजीच्या पाठीमागे गॅलरीचं दार उघडं होतं आणि कुंडी काळोखात होती. आजी उठली, एक पणती पेटवून कुंडीपाशी ठेवून आली. तेव्हापासून रात्री नऊला तुळशीपाशी दुसरी पणती लागते.

ती पणती दिसावी म्हणून कॅमेऱ्याची मांडणीही बदलावी लागली. आधी निरांजन आजी आणि फोन यांच्या मधोमध असायचं. फोन ज्योतीच्या उजेडाला जुळवून घ्यायचा आणि आजीचा चेहरा काळा व्हायचा. आता ट्यूबलाइट चालूच ठेवतात, निरांजन आजीच्या बाजूला आणि खाली, फोन डोळ्यांच्या उंचीवर डब्याला टेकवून. अक्षत आणि फूल वाहायला शिकवायचं त्या दिवशी फोन आजीच्या उजव्या खांद्यामागे लेकीची मावशी धरते. समोरून पाहिलं की नात आरशासारखं डाव्या हाताने करते. खांद्यामागून आजीचा उजवा हात तिला आपल्या उजव्या हाताच्या बाजूलाच दिसतो आणि सांगावं लागत नाही.

जानेवारीच्या मध्याला, सुमारे अकरा आठवड्यांनी, मुलीने सगळं न अडखळता म्हटलं. त्यापुढे आजीला पर्वचा सुरू करायची होती: वार, महिने, तिथी, पाढे. वार आणि महिने घेतले, तिथींचे ‘प्रतिपदा, द्वितीया’ तिथेच थांबले.

फेब्रुवारीअखेर म्युनिकचा सूर्यास्त सहाच्या जवळ गेला, म्हणजे साताऱ्यात साडेदहा. आजी पेंगायला लागली. मार्चअखेर घड्याळं पुढे गेल्यावर तर तिथली तिन्हीसांज आजीच्या मध्यरात्रीकडे सरकते. तेव्हा वेळ उलटवली. आता कॉल साताऱ्याच्या दिवेलागणीला, संध्याकाळी सातच्या सुमाराला होतो. म्युनिकमध्ये तेव्हा दुपारचे साडेतीन, शाळा सुटून घरी आल्याची वेळ, बाहेर लख्ख ऊन. निरांजनाची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून नात कॉल लावण्याआधी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेते.